अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरचा नमस्कार: बुजऱ्या माणसानं बोलायला सुरुवात कशी करावी

साताऱ्यात अदालतवाड्याच्या बाजूनं अजिंक्यताऱ्याचा चढ धरला की सकाळी सहा ते सात या वेळात रोज तीच माणसं भेटतात. कानटोपीवाले काका, गप्पा मारत चढणाऱ्या दोघी मैत्रिणी, भर पावसाळ्यातही साध्या चपलेवर चढणारे एक निवृत्त गुरुजी. मी ही वाट सात वर्षं चढतोय आणि त्यातली पहिली तीन वर्षं मी कुणाशी एक शब्दही बोललो नव्हतो. समोरून कोणी आलं की खिशातून मोबाइल काढायचो, नाहीतर बुटाची नाडी बांधायला वाकायचो. नाडी सुटलेली नसायचीच.

पुढं जे जमलं ते याच वाटेवर जमलं. मग माझ्यापेक्षाही बुजऱ्या मावसभावालाही मी हीच पद्धत शिकवली. त्यातलं जे उपयोगी पडलं तेवढंच इथं लिहितोय. लग्नसमारंभ, ऑफिसची मीटिंग, मुलगी बघायला जाणं हे यात नाही. रोज दिसणाऱ्या, पण ओळख नसलेल्या माणसाला पहिल्यांदा हाक कशी मारायची, एवढाच विषय आहे.

वाटच का निवडावी

बुजऱ्या माणसाला बोलायला सुरुवात करण्याची जेवढी भीती असते, तेवढीच ‘आता हे संपवायचं कसं’ याचीही असते. दुकानात, एसटीच्या शेजारच्या सीटवर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकदा तोंड उघडलं की सुटका नसते. साताऱ्याहून स्वारगेटपर्यंत शेजारी बसलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत ‘नमस्कार’ म्हटलं, तर उरलेले दोन-अडीच तास काय करायचं? चढाच्या वाटेवर हा प्रश्नच येत नाही. तुम्ही वर चाललेले असता, समोरचा खाली येत असतो. शब्द तोंडातून निघेपर्यंत दोघं एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. त्यात दम लागलेला असतो, त्यामुळे कमी बोलण्याला कुणी तुसडेपणा म्हणत नाही.

उद्या तोच माणूस पुन्हा भेटणार असतो, हा दुसरा फायदा. आज बिघडलं तर चोवीस तासांनी दुरुस्त करता येतं. सांगलीत आमराई बागेत चकरा मारणाऱ्यांना किंवा कृष्णेच्या घाटावर रोज जाणाऱ्यांनाही हीच सोय आहे.

आपल्याकडचं अभिवादन म्हणजे उत्तर नको असलेला प्रश्न

पुस्तकी शहाणपण सांगतं की हसून ‘नमस्कार’ म्हणा आणि स्वतःची ओळख करून द्या. आमच्या भागात अनोळखी माणसानं वाटेत थांबून स्वतःचं नाव सांगितलं, तर समोरच्याला वाटतं हा विमा विकायला आलाय. आपली माणसं एकमेकांना अभिवादन कसं करतात ते जरा कान देऊन ऐका. हातात भाजीची पिशवी दिसत असते आणि विचारलं जातं, “भाजी आणली का?” माणूस गडावरून उतरताना दिसतोय आणि प्रश्न येतो, “आलासा जाऊन?” गाडीला किक मारताना दिसला तर “निघाला काय?”

विचारणाऱ्याला यातलं काहीही जाणून घ्यायचं नसतं. सगळं डोळ्यांसमोर असतं. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 साली अशा बोलण्याला वेगळं नाव दिलं. माहिती देण्यासाठी नव्हे, तर माणसांमधलं नातं चालू ठेवण्यासाठी बोललेले शब्द, असा त्याचा अर्थ. आपल्याला ते नाव लक्षात ठेवायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच की विषय शोधावा लागत नाही. ‘काय बोलू?’ हा बुजऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा अडथळा इथं आपोआप दूर होतो. जे दिसतंय तेच विचारायचं. उत्तर “होय की”, “हां, आलो” किंवा नुसती हललेली मान. त्यात चूक व्हायला जागाच नसते.

एक पथ्य मात्र पाळायचं. प्रश्न माणसाच्या कामाबद्दल किंवा हातातल्या वस्तूबद्दल असावा, माणसाबद्दल नको. “आज काठी नाही आणली?” चालतं. “जाड झालात” किंवा “एकटेच असता रोज?” चालत नाही, मग कितीही प्रेमानं म्हटलेलं असो.

पहिली पायरी: तीन माणसं निवडा

पहिला आठवडा कुणाशीही बोलायचं नाही. फक्त बघायचं. आठवड्यातून निदान चार वेळा दिसणारी, तुमच्या उलट दिशेनं चालणारी आणि एकटी किंवा दुकटी असणारी तीन माणसं हेरून ठेवायची. पाच-सहा जणांचं हसतं-खिदळतं टोळकं टाळा. एकानं उत्तर दिलं आणि बाकीचे हसले, तर ते कशाला हसले याचा भुंगा दिवसभर डोक्यात राहतो. पळणारे आणि कानात इअरफोन घातलेलेही नकोत. त्यांना ऐकूच जात नाही आणि आपण ते मनाला लावून घेतो.

पहिलं माणूस शक्यतो वयानं मोठं असावं. वडीलधाऱ्यांना लहानांनी आपणहून बोलणं आवडतं, हे एक कारण. दुसरं कारण व्याकरणाचं आहे. समवयस्काला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, या एका शंकेनं कित्येकांची जीभ अडते. काका, काकू, आबा, मावशी म्हटलं की ‘तुम्ही’ ठरलेलंच असतं. समवयस्काशी बोलायची वेळ आली तर तू-तुम्हीप्रमाणे बदलणारं क्रियापदच टाळा. “झालं फिरून?” यात ना तू आहे, ना तुम्ही. पुढं तो काय वापरतो ते ऐकून ठरवता येतं.

मुली आणि बायकांसाठी हिशोब वेगळा आहे. माझ्या बहिणीचं म्हणणं असं की सकाळच्या सामसूम वाटेवर अनोळखी पुरुषाकडे न बघता पुढं जाणं हा बुजरेपणा नाही, ती अक्कल आहे. तिनं सुरुवात त्या दोघी मैत्रिणींपासून केली आणि ते बरोबरच होतं. पुरुषांनीही एकट्या बाईला उद्देशून न थांबता, चालता चालता बोलावं. वाट निर्जन असेल तर बोलूच नये.

दुसरी पायरी: ते दहा सेकंद

खरी गोची शब्दांची नसतेच, नजरेची असते. समोरून माणूस येताना दिसतो तेव्हा अंतर साधारण 25 मीटर असतं. चढणारा आणि उतरणारा यांचा वेग धरला तर समोरासमोर यायला सुमारे दहा सेकंद लागतात. या दहा सेकंदांत बघायचं कुठं? सगळा वेळ चेहऱ्याकडे बघितलं तर टक लावल्यासारखं होतं. खाली बघितलं तर बोलायचा क्षण निघून जातो.

अॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या अभ्यासकांनी एका मेजवानीतल्या पाहुण्यांचं चित्रण करून माणसं एकमेकांना भेटताना नेमकं काय करतात ते तपासलं होतं. त्यांचा लेख 1973 सालचा आहे. त्यात दिसलं ते असं: माणसं लांबून एकदा दखल घेतात, जवळ येताना नजर काढून घेतात आणि अगदी जवळ आल्यावर पुन्हा बघून बोलतात. मधे नजर काढून घेणं ही बुजऱ्यांची खोड नाही, ती सगळ्यांचीच रीत आहे. बुजरा माणूस नजर काढतो आणि परत आणत नाही, फरक तेवढाच.

म्हणून दहा सेकंदांचे तीन भाग करा. लांबून एकदा बघायचं आणि मान किंचित हलवायची. मग वाटेकडे, झाडाकडे, खाली दिसणाऱ्या शहराकडे नजर न्यायची. चार-पाच पावलं उरली की परत चेहऱ्याकडे बघायचं. दुसऱ्या आठवड्यात एवढंच करायचं, आवाज काढायचाच नाही. निवडलेल्या तिघांपैकी दोघं तरी त्याच आठवड्यात मान हलवून उत्तर देऊ लागतात, असा माझा अनुभव.

या काळात मोबाइल खिशात आणि इअरफोन घरी. हे शिस्तीसाठी सांगत नाही. इअरफोन लावून मान हलवली आणि सगळं नीट झालं, तर मन श्रेय इअरफोनला देतं: ‘हे होते म्हणून वाचलो.’ भीती जशीच्या तशी राहते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात अशा आडोशांना मोठी जागा आहे. त्याच मांडणीतली दुसरी गोष्टही इथं कामाची आहे. घाबरलेल्या माणसाचं लक्ष आत वळतं. माझा चेहरा लाल झाला का, आवाज कापला का, हात कुठं ठेवू. त्यावर सोपा तोडगा म्हणजे लक्षाला बाहेर काम द्यायचं. समोरच्याची एक वस्तू रोज टिपायची: टोपीचा रंग, हातातली काठी, पिशवीतली फुलं. लक्ष बाहेर राहतं आणि पुढच्या आठवड्यातला प्रश्नही तयार होतो.

तिसरी पायरी: हाक आधी, शब्द नंतर

तिसऱ्या आठवड्यात आवाज. इथं बहुतेकांची एकच चूक होते. ‘नमस्कार’ हा शब्द हळू निघतो, शेवट गिळला जातो आणि समोरच्याचं लक्ष जाईपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून नातं आधी, अभिवादन नंतर: “काका, नमस्कार.” “आबा, राम राम.” ‘काका’ ऐकून माणूस वळतो आणि पुढचा शब्द त्याच्यापर्यंत नीट पोचतो. चढावर श्वास घेताघेता बोललं की आवाज तुटतो. म्हणून आधी श्वास पुरता सोडायचा, छोटा आत घ्यायचा आणि मग बोलायचं. चाल मंद करायची, पण पाय थांबवायचा नाही. थांबलात की समोरच्यालाही थांबावं लागतं आणि मग बोलणं वाढवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

‘नमस्कार’ की ‘राम राम’? वडीलधाऱ्या, धोतर-टोपीतल्या माणसाला ‘राम राम’ शोभतं. शर्ट-पँटीतल्या निवृत्त माणसाला ‘नमस्कार’. जो शब्द तुम्ही घरी वापरत नाही तो वाटेवर वापरू नका, उसना वाटतो. ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि त्यात काही वावगं नाही. मला मात्र व्हॉट्सअॅपवरच्या गुलाबाच्या चित्रांमुळे त्याचा वीट आलाय.

मावसभावाची वही

माझा मावसभाऊ चोवीस वर्षांचा आहे, एमआयडीसीत मशिनवर कामाला. पहिली शिफ्ट नसेल त्या आठवड्यात तो माझ्याबरोबर गडावर यायचा. त्याला मी शंभर पानी वही दिली आणि तीन रकाने आखून दिले: काय होईल असं वाटतंय, भीती दहापैकी किती, आणि प्रत्यक्षात काय झालं. पहिले दोन रकाने घरून निघायच्या आधी भरायचे, तिसरा परत आल्यावर. आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं, कारण नंतर मन सोयीनं आठवतं.

त्यानं निवडलेले आबा रोज पाच लिटरचा कॅन घेऊन वर जायचे आणि झाडांना पाणी घालून रिकामा कॅन हलवत उतरायचे. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं: ‘आबा विचारतील, कोण रे तू? भीती 8.’ प्रत्यक्षात आबांनी मान हलवली आणि पुढं गेले. दुसऱ्या दिवशी ‘नमस्कार’, भीती 7, उत्तर “नमस्कार”. तिसऱ्या दिवशी त्यानं परत नमस्कार केला आणि आबा सरळ निघून गेले. त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात मोठ्या अक्षरात होतं: ‘मुद्दाम दुर्लक्ष केलं. रोज रोज त्रास देतोय असं वाटलं असणार.’

मी त्याला एकच विचारलं, “यातलं तुला दिसलं काय आणि वाटलं काय?” दिसलं एवढंच की आबा बोलले नाहीत. बाकीचं सगळं त्याच्या डोक्यातलं. मग काय बदललं होतं ते शोधलं. आदल्या दिवशी तो आबांच्या उजव्या बाजूनं गेला होता, त्या दिवशी डाव्या. चौथ्या दिवशी मुद्दाम उजवीकडून, चार पावलांवरून, हाक आधी: “आबा, नमस्कार!” आबा म्हणाले, “नमस्कार, नमस्कार.” आबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे पुढं महिन्याभरानं त्यांनीच सांगितलं.

सहाव्या दिवशी त्यानं पहिला प्रश्न टाकला. वस्तू तर हातातच होती. “आबा, झालं का पाणी?” आबा उतरता उतरता म्हणाले, “झालं की. बाभळीला नाय घातलं, ती जगतीय आपली आपण.” एवढं बोलून ते वळणाआड गेलेसुद्धा. मावसभाऊ दूरदर्शनच्या टॉवरपर्यंत हसत होता. वहीत भीतीच्या रकान्यात 5 होते. तीन आठवड्यांनंतर आकडा 2 वर आला आणि बराच काळ तिथंच राहिला. शून्य कधी झाला नाही. माझाही होत नाही.

त्याच्या वहीतल्या पहिल्या अकरा नोंदींत आठ वेळा उत्तर आलं, दोनदा ऐकू गेलं नाही आणि एकदा काकांचा फोन चालू होता. “कोण रे तू?” एकदाही नाही. उत्तर आलं नाही तर त्याच दिवशी परत प्रयत्न करायचा नाही, दुसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं म्हणायचं. तीनदा स्पष्ट ऐकू जाऊनही उत्तर नसेल, तर त्या माणसाला बोलायचं नाही असं समजून यादीतला दुसरा धरायचा.

एकाच माणसाची दोनदा गाठ पडली तर

हा प्रश्न गडावर कमी, आमराईसारख्या ठिकाणी जास्त. चकरा मारताना तेच काका दर पाच मिनिटांनी समोर येतात. प्रत्येक वेळी ‘नमस्कार’ म्हणणं वेडेपणा आणि न म्हणणं तुटक वाटतं. दर चकरेला शब्द लागत नाही. पहिल्यांदा शब्द, दुसऱ्यांदा नुसती मान, तिसऱ्यापासून काहीच नाही. बघितलं नाही तरी चालतं. दोघांचीही त्यातून सुटकाच होते. एवढं करूनही अवघडल्यासारखं वाटलं, तर दिशा बदलून त्यांच्याच दिशेनं चाला, समोरासमोर यायचं कामच उरत नाही.

अभिवादनापुढं आणि बाहेर पडणं

एकेकाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात समोरचाच थांबवतो. “कुठं राहता?” “कुणाचे तुम्ही?” हे ऐकून बुजरा माणूस दचकतो, त्याला चौकशी वाटते. आपल्याकडे हा ओळखीचा धागा शोधण्याचा प्रकार आहे. गावाचं किंवा पेठेचं नाव सांगितलं की पुरतं: “शाहूपुरीत.” बहुतेक वेळा पुढचं बोलणं तेच करतात, कारण शाहूपुरीत त्यांचा कुणीतरी साडू राहतोच. जे सांगायचं नसेल ते गाळा. पगार आणि लग्न हे दोन प्रश्न आलेच तर “चाललंय” हे उत्तर दोन्हींना लागू पडतं.

निघायचं वाक्य घरूनच पाठ करून जा. “चला, येतो आबा. शिफ्ट आहे.” ‘जातो’ नाही, ‘येतो’. वाक्य संपता संपता पाऊल पुढं टाकायचं. वाक्य म्हणून तिथंच उभं राहिलात तर पाचेक मिनिटं वाढलीच म्हणून समजा. नंतर घरी येऊन ‘मी किती येड्यासारखं बोललो’ ही उजळणी सुरू होते. तिच्यावर फार विश्वास ठेवू नका. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं की पहिल्या भेटीनंतर माणसं समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमीच बांधतात.

ही पद्धत कुठं पुरत नाही

वाटेवर बोलायला संकोच वाटणं वेगळं आणि भीतीपायी कॉलेज चुकवणं, मुलाखतीला न जाणं, दुकानात मागायचं म्हणून उपाशी राहणं वेगळं. असं सहा महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, बोलायच्या नुसत्या कल्पनेनं छाती धडधडून घाम फुटत असेल, किंवा माणसांत जाण्याआधी दारूचा आधार लागत असेल, तर वही-रकान्यांवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हीच पायऱ्यांची पद्धत अधिक नेमकेपणानं करून घेतात, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोनवर बोलायचीच भीती असेल, तर पहिलं वाक्य कागदावर लिहून ते वाचा: “मला लोकांशी बोलायची भीती वाटते, त्याबद्दल विचारायचं होतं.” पुढचे प्रश्न तेच विचारतात.

मधे मावसभाऊ आजारी पडला, पंधरा दिवस गडावर आला नाही. परत आला त्या सकाळी त्याची भीती पुन्हा 6 वर होती. सुट्टीनंतर ती थोडी वर जातेच, तेव्हा एक पायरी खाली येऊन मानेपासून सुरुवात करायची असं आमचं ठरलं होतं. त्यानं लांबून मान हलवली. आबा कॅन खाली ठेवून थांबले आणि म्हणाले, “कुठं गेलतास रं? लय दिस दिसला न्हाईस.”

“ताप होता, आबा,” तो म्हणाला. मग कॅनकडे बघून, “झालं का पाणी?”

“आज न्यायचंय अजून एकदा,” आबा म्हणाले आणि कॅन त्याच्याच हातात दिला.